पोटाशी बांधलेलं बी

सुरंजान हे वातावरचं औषध आहे हे मला कळलं ते आमच्या साहेबांच्या वडलांमुळे. म्हाताऱ्याचे अंगठे सुजायचे आणि तो पुण्याहून गोळ्या मागवायचा. लढाई संपत आली होती, परदेशी औषधं मिळेनाशी झाली होती, आणि साहेबांना तर त्या सुरंजानातलं विषच हवं होतं. शेवटी बापाच्या गोळ्यांतला अर्धा वाटा मुलाने प्रयोगासाठी उचलला. म्हातारा रात्रभर कण्हायचा आणि सकाळी साहेब मला सांगायचे, "आज तीस रोपांवर थेंब घाल." मला त्यात काही वाईट वाटलं नाही. मी बावीस वर्षांचा होतो, शेतकी शिकून नुकताच आलो होतो, आणि मला वाटायचं की जगात दोनच शहाणे आहेत, एक साहेब आणि दुसरा मी.

आमचा फार्म आष्ट्याच्या पुढं नदीच्या अंगाला होता. सरकारी फार्म म्हणजे काय, तर दोन विहिरी, एक पत्र्याची खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक मुकादम आणि वीस-बावीस मजूर. खाली कृष्णेच्या वाळूत लोक पिढ्यान् पिढ्या कलिंगडाच्या वाड्या करायचे. साहेबांच्या डोक्यात घुसलं होतं की बी नसलेलं कलिंगड काढायचं. मजूर एकमेकांत म्हणायचे, "साहेबाला काम न्हाई." मीही हसायचो, पण साहेबांच्या पाठीमागे. पुढ्यात मी फक्त मान डोलवायचो.

कलिंगडाच्या प्रत्येक पेशीत बावीस गुणसूत्रं असतात, अकरा आईकडची आणि अकरा बापाकडची. पेशी फुटायच्या आधी त्या सगळ्यांची दुसरी प्रत तयार होते, मग दोन्ही प्रती दोन बाजूंना ओढल्या जातात आणि एकीच्या दोन पेशी होतात. सुरंजानातलं विष ती ओढणारी दोरीच लुळी पाडतं. वाटणी तर झालेली असते, पण भाऊ वेगळे निघतच नाहीत, दोघांचे वाटे एकाच घरात राहतात. बाविसाची चव्वेचाळीस होतात. रोपाला दोन दळं फुटली की त्यांच्या मधल्या कोंबावर रोज सकाळ-संध्याकाळ एक थेंब घालायचा, चार दिवस. बरीच रोपं मरायची, काही वेडीवाकडी व्हायची, आणि एखादंच जाड, गडद पानांचं, आडदांड निघायचं. त्याचं फूल मोठं, पराग मोठा, फळात बी थोडं पण टपोरं. साहेब त्याला चौपट म्हणायचे आणि साध्याला दुप्पट. पुढं सगळा फार्म तसंच म्हणू लागला.

साहेबांचा दुसरा नाद क्ष-किरणांचा होता. ज्वारीच्या बियांच्या पुड्या बांधून ते एका दवाखान्यातल्या यंत्राखाली ठेवून आणायचे. पहिल्या पिढीला झाडं नुसती खुरटायची. खरे प्रताप दुसऱ्या पिढीत दिसायचे. कुठं बुटकं, कुठं वांझ कणीस, आणि मधूनच दुधासारखी पांढरी रोपं. पानात हिरवा रंगच नाही, म्हणजे अन्न करता येत नाही. बियाण्यातली शिदोरी संपेपर्यंत जगायची आणि मग लवंडायची. मजुरांच्या बायका त्यांच्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. मी वही घेऊन रोज किती मेली ते लिहायचो आणि मला त्याची मोठी मौज वाटायची.

आता तिच्याविषयी. ती आमच्याकडे मजुरीला होती, पंचविशीच्या आतली. बोलणं कमी आणि बोटं अशी, की काय सांगावं! कलिंगडाच्या एकाच वेलावर नराची फुलं वेगळी आणि मादीची वेगळी असतात. मादीच्या फुलाखाली मुळातच बोराएवढं कच्चं फळ असतं. दोन्हींच्या कळ्या आदल्या संध्याकाळी कागदाच्या पिशवीत बांधायच्या, म्हणजे मधमाशी भलताच पराग आणत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर अलगद फिरवायचं, परत पिशवी घालायची आणि देठाला दोरा बांधायचा. चौपट मादी असली तर लाल दोरा. दहा वाजले की फुलं मिटली, दिवस वाया. मी दहा फुलं केली तर चार फळं धरायची. तिने दहा केली तर आठ. साहेब म्हणायचे, "मास्तर, तुम्ही वहीच सांभाळा." मजुरांनी मला मास्तर केलं होतं आणि साहेबांनीही तेच उचललं होतं.

तिला मूल नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यातली चार वर्षं नवरा पलटणीत, आधी मिसरात आणि मग ब्रह्मदेशात. परत येताना दोन महिने पलटणीच्या दवाखान्यात काढून आला. कशासाठी, ते घरात कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पण तो घरी आल्या दिवसापासून सासूने बोटं मोजायला सुरुवात केली. तिने सुनेला तोंडावर सांगितलं, पुढल्या यात्रेपर्यंत कूस उजवली नाही तर दुसरी आणू. आधीचा काळ असता तर दुसरी आली असती आणि पहिली भांडी घासत घरातच राहिली असती. पण सरकारने दोन बायका करायला बंदी केली होती. दुसरी आणायची म्हणजे पहिलीची काडीमोड करावी लागणार. कायदा बायकांच्या भल्यासाठी होता म्हणे. हिच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच झाला, की मोरीतली जागाही राहणार नव्हती. माहेरी एक भाऊ, तोही भावजयीच्या मुठीत.

हे सगळं मला ठाऊक होतं, कारण आमचा मुकादम तिचा चुलत सासरा. घरातली गोष्ट तो फार्मवर आणायचा आणि फार्मवरची घरी न्यायचा. साहेबांनी तिला सांगितलं होतं, तिसरा हंगाम नीट पार पडला की तुला कायम मजूर करून घेऊ आणि राहायला मागची खोली देऊ. तिच्यासाठी ती खोली म्हणजे सगळं होतं. घरातून निघायची वेळ आलीच तर डोक्यावर पत्रा तरी असणार होता. म्हणून ती जीव तोडून काम करायची.

दुसऱ्या हंगामात तिने चौपट मादीवर दुपटीचा पराग घातला. चव्वेचाळिसातली अर्धी बावीस आईकडून, बाविसातली अर्धी अकरा बापाकडून, मिळून तेहतीस. हे झालं तिप्पट बी. उलटं करून चालत नाही. दुपटीची मादी घेतली की बी पोकळ भरतं. आम्ही ते करूनही पाहिलं आणि पोकळ बियांची एक पाटी उकिरड्यावर टाकली.

तिसऱ्या हंगामाला आमची खरी पंचाईत झाली. तिपटीचं बी उगवायला महाखट्याळ. टरफल जाड, आतला गर्भ किडकिडीत, आणि ऊब लागते भरपूर. ते दिवस पौषाचे. रात्री नदीवरून असा गारठा यायचा की विचारू नका. पहिल्या शंभर बिया जमिनीत कुजून गेल्या. साहेब डोकं धरून बसले. मग तीच म्हणाली, "मास्तर, आमच्याकडं दोडक्याचं बी थंडीत रुजवायचं तर ओल्या फडक्यात गुंडाळून अंगाशी धरत्यात. माझी आजी करायची."

मी म्हटलं, "मग तूच धर."

ते बरोबरच होतं. अंगाची ऊब सारखी राहते, चुलीसारखी कमीजास्त होत नाही. तिने एकेका बियाचं टोक नखाने जरासं उचकटलं, कोंबाला वाट मिळावी म्हणून. मग सगळं बी ओल्या फडक्यात गुंडाळून लुगड्याच्या आत पोटाशी बांधलं आणि रात्रंदिवस तसंच ठेवलं. निजताना उताणी निजायची. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर निम्म्याहून जास्त बियांना पांढरे कोंब! साहेब लहान पोरासारखे ओरडले. मी पाहिलं, ती त्या कोंबांकडे बघून हसत होती आणि डोळे पुसत होती. मुकादम दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो नुसता खाकरला आणि गेला.

आमच्याकडे पेरणीची पहिली मूठ लेकुरवाळीच्या हाताने पडते. वांझ बाईला बियाण्याच्या कणगीजवळ उभं करत नाहीत. मुकादमाने पहिल्याच हंगामात साहेबांना बजावलं होतं, "साहेब, हिचा हात बियाला लावू नका." साहेबांनी त्याला वेड्यात काढलं होतं. साहेब शहरातले. त्यांना वाटायचं, अडाणी समजूत म्हणजे धूळ, झटकली की गेली. मी इथलाच, कुणब्याच्या घरातला. मला पक्कं माहीत होतं की ती धूळ नसते. म्हणूनच मी पुढं जे केलं त्याला माफी नाही.

रोपं लावली. तीन ओळी तिपटीच्या की एक ओळ साध्याची. कारण तिपटीचा स्वतःचा पराग कामाचा नसतो, पण मादीच्या फुलाला फळ धरायला परागाचा धक्का लागतोच. तो शेजारच्या साध्या ओळीतून आणायचा. तेही तिनेच केलं, रोज सकाळी, महिनाभर. फळं धरली आणि फुगली. फाल्गुनात साहेबांनी फळ फोडायचा समारंभ ठरवला. मामलेदार आले, नदीतले वाडीवाले आले, आष्ट्याचे दोन अडते आले, फार्मची सगळी माणसं जमली. तिच्या घरचे पण आले होते, नवरा खाकी कोट घालून.

सुरी माझ्या हातात होती. मी पहिलं फळ चिरलं. आत लालभडक, आणि बी नाही! कुठं कुठं काकडीच्या कोवळ्या बियाएवढी पांढरी मऊ साल, आत काही नसलेली. दुसरं चिरलं, तेही तसंच. मामलेदारांनी फोड खाल्ली आणि म्हणाले, "वाहवा!" पण वाडीवाल्यांतला एक म्हातारा पुढं आला, फोड उलटीपालटी केली आणि म्हणाला, "आन् पुढल्या साली लावायचं काय? मास्तर, बी कुटं गेलं?"

त्याला नीट उत्तर होतं. बी दरवर्षी चौपट आणि दुपटीच्या संकरातून नव्याने करावं लागतं, एवढं सांगितलं असतं की झालं. पण पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती, हातात सुरी होती, आणि मला चुरचुरीत बोलायचा शौक. मी सुरीचं टोक तिच्याकडे केलं आणि म्हणालो, "बी कुठलं येतंय बाबा? हात कुणाचा लागलाय ते बघा की!"

काय हशा पिकला! अडते तर पोट धरून हसले. मामलेदारांना कुणीतरी कानात समजावलं आणि तेही हसले. साहेबांना बोलीतली ती खोच कळली नाही, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले. मग मुकादमाने मामलेदारांच्या गळ्यात हार घातला, साहेबांच्या गळ्यात घातला, आणि उरलेला एक चिरलेल्या कलिंगडावर ठेवला. ती पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिने घागर खाली ठेवली आणि ओळींकडे निघून गेली. तिचा नवरा हसत नव्हता. तो आईकडे बघत होता.

दोन दिवसांत गोष्ट सगळ्या नदीकाठाने फिरली. माझी थट्टा कुणाला थट्टा म्हणून आठवलीच नाही. फार्मच्या मास्तरनंच सांगितलं म्हणे, वांझेनं बी पोटाशी धरलं म्हणून कलिंगडाची कूस गेली! वाडीवाल्यांनी निरोप पाठवला, ती आमच्या वाळूतून चालत जायची नाही. फार्मवरच्या बाया तिच्या हातची घागर घेईनात. मुकादमाने साहेबांना सांगितलं, ती राहिली तर उद्यापासून मजूर येणार नाहीत. साहेब चिडले, टेबलावर हात आपटला, आणि मग मला म्हणाले, "मास्तर, तिला चार दिवस घरी बसायला सांगा." चार दिवस! मागच्या खोलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

ती माझ्याकडे आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"मास्तर, सोमवारी पंच बसनार हायेत. तुमी या. एवढंच सांगा की बी तुमी औषधानं घालवलं. माझ्या हातानं न्हाई गेलं."

"एवढंच ना? सांगतो की."

"एवढंच सांगा," ती परत म्हणाली. "दुसरं काय बी बोलू नका."

मी गेलो. खरं सांगतो, चांगल्या मनाने गेलो. त्यांच्या सोप्यात घोंगडी अंथरली होती, पाच पंच बसले होते, सासू दाराच्या आडून बोलत होती. मुकादमाने मला पंचांच्या शेजारी बसवलं. ती आतल्या भिंतीला टेकून उभी होती. सासूने सुरुवात केली, "मास्तर, हिनं बी पोटाला बांदलं व्हतं का न्हाई? देवाशपथ सांगा."

"बांधलं होतं. मीच बांधायला लावलं. त्याने बी रुजलं. बी गेलं ते आमच्या औषधामुळे. हिच्या हाताचा त्यात काही संबंध नाही."

तिने मान वर केली. पंचांतला मोठा म्हणाला, "मंजी हिचा दोष न्हाई म्हनताय?" मी म्हणालो, नाही. तिथंच उठायला हवं होतं. पाणी पिऊन, राम राम करून घरी यायला हवं होतं. पण त्याने विचारलं, "पर मग ते वांझ कसं झालं, मास्तर?" आणि त्याचा चेहरा असा, जणू मी मोठा पंडित. झालं, मी फुगलो.

मी त्यांना सगळं समजावलं. फुगडीचा दाखला दिला. म्हटलं, बी धरायच्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. बायकांच्या फुगडीसारखं. दोघी असल्या तर फुगडी, चौघी असल्या तर दोन फुगड्या. तिघी असल्या की एक उरते, सगळा डाव विस्कटतो, वाटणी समान होत नाही आणि बी भरत नाही. पंच माना डोलवत होते. बाहेरून आणखी चार जण येऊन बसले. मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. मी म्हणालो, "तर बघा, आईत खोट नाही, बापात खोट नाही. चौपट आपल्या जातीत फळते, दुप्पट आपल्या जातीत फळते. खोट जोडीत आहे. विषम जोडी लागली की वांझपण येतं."

सासू दाराआडून म्हणाली, "म्हंजी माझ्या लेकाला जोडा चुकीचा मिळाला."

मोठा पंच म्हणाला, "मास्तर शिकल्याली मानसं हायेत. त्यांचं म्हननं रास्त हाय. हिला बी दोष न्हाई, त्याला बी न्हाई. जोडा मोडावा आनि ज्यानं त्यानं आपापलं बघावं."

मी "अहो, तसं नव्हे," असं म्हणालो. दोनदा म्हणालो. "ती झाडाची गोष्ट आहे, माणसाची नव्हे," असंही म्हणालो. मुकादम हसून म्हणाला, "मास्तर, आता कशाला भिडेखातर? तुमी खरं तेच सांगितलं." आणि पंचांना ते फार सोयीचं झालं होतं. तोवर त्यांना एक नांदती सून दोष देऊन घालवायची लाज वाटत होती. मी त्यांना बिनदोषाची वाट काढून दिली. कुणाला वाईट म्हणायला नको, कुणाचे शाप नकोत. गवताची काडी आणली, नवऱ्याने ती मोडली, दोन तुकडे दोन बाजूंना टाकले. सासूने एक लुगडं घोंगडीवर ठेवलं. सगळं चहा व्हायच्या आत उरकलं.

चार दिवसांनी ती फार्मवर आली. मला वाटलं, मजुरीचे राहिलेले पैसे मागायला आली असेल. मी मनात म्हटलं, रडारड न करता जाईल तर बरं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो होतो आणि तसाच बसून राहिलो.

ती म्हणाली, "मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"मी तीन वर्सं फुलं लावली. फळ धरलं न्हाई की तुमी येऊन काय करायचा? नराचं फूल तोडून न्यायचा, ह्या डोळा लावायच्या यंत्राखाली धरायचा, लाल पान्यात पराग रंगतो का बघायचा. रंगला न्हाई तर म्हनायचा, नरच फुसका हाय, वेलीला कशाला बोल लावता. व्हय का न्हाई?"

हो. रोजचं काम होतं आमचं. फळ धरलं नाही तर आधी पराग तपासायचा. धड पराग लाल रंग पितो, फुसका पराग पांढराच राहतो. मादीकडे बघायचं ते त्यानंतर. शिकाऊ माणसालाही आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

"मग सोमवारी तेवढंच का न्हाई बोलला? फुगडी सांगितली, जोडा सांगितला. नराचं तेवढं का गिळलं?"

त्या सोप्यात बसून पंचांपुढं तिच्या नवऱ्याविषयी असं काही बोलावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झाडाच्या बाबतीत जी गोष्ट मला पाठ होती, ती माणसाच्या बाबतीत मला दिसलीच नाही. पण हे तिला सांगायचं सोडून मी हसलो. म्हणालो, "मग काय, तुझ्या नवऱ्याला यंत्राखाली घालू?"

मुकादम दारात होता, तो खदाखदा हसला. ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मला घातलंत की." आणि गेली. कुणी म्हणालं भावाकडे गेली, कुणी म्हणालं लोणंदकडच्या कांद्याच्या कामाला गेली. मी शोध घेतला नाही.

पुढल्या हंगामात तिच्यासारखी बोटं कुणाची नव्हती. मी स्वतः फुलं लावली, पंधरात दोन फळं धरली. बी रुजवायला गरम शेणखताचा खड्डा केला, त्यात अर्धं बी शिजून गेलं. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना उसाचा नाद होता. चौपटीच्या बियांची पुडी कपाटात राहिली आणि तिला पोरकिडे लागले. नंतर एका मासिकात वाचलं की जपानातही कुणी हेच कलिंगड तयार करतंय आणि तिथं त्याचं मोठं कौतुक चाललंय.

तिच्या नवऱ्याने त्याच वैशाखात दुसरी बायको केली. चांगली धडधाकट, वाटेगावकडची, चार भावांची बहीण. सासूने लग्नात पेढे वाटले, आम्हा फार्मवाल्यांनाही पाठवले. मी खाल्ला.

दोन वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मग एके दिवशी मुकादम माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तर, सोमवारी पंच बसनार हायेत. ह्या बी बाईचं तसंच हाय, बगा. मागच्या बारीला तुमी जे सांगितलं ते समद्यांना पटलं व्हतं. पंचांनी मुद्दाम निरोप दिलाय, तुमालाच घेऊन या म्हनून."

मी गेलो. मला पंचांच्या शेजारी, तक्क्याला टेकून बसवलं. ती दुसरी आतल्या भिंतीशी उभी होती, पोरच म्हणायची, एकोणीस-वीस वर्षांची, माझ्याकडे टक लावून बघत. मोठ्या पंचाने विचारलं, "मास्तर, तुमचं काय म्हननं?"

नवरा माझ्या समोर बसला होता. खाकी कोट तोच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्याला माहीत आहे. त्याला कळलं की मला माहीत आहे. एक वाक्य बोलायचं होतं. ते पहिलीने मला शिकवून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "तुमच्या घरचा मामला, तुम्हीच बघा." मग चहा आला. मी बशीत ओतून प्यालो, काडी मोडेपर्यंत बसलो आणि सगळ्यांना राम राम करून घरी आलो.